Mã khách hàng की Mã giao dịch? व्हिएतनाममध्ये वीजबिल भरताना

हो चि मिन्ह सिटीत भाड्याने राहणारी आपली माणसं मोमो किंवा झालोपे या मोबाइल वॉलेटवरून वीजबिल भरतात, तेव्हा दोन कोडमध्ये हमखास गोंधळ होतो. व्हिएतनामीत Mã म्हणजे कोड, आणि दोन्हींची सुरुवात त्यानेच होते.

Mã khách hàng म्हणजे ग्राहक क्रमांक. तो जोडणीचा असतो, त्यामुळे दर महिन्याला तोच राहतो. विजेचा हा क्रमांक 13 अक्षरांचा असतो आणि P ने सुरू होतो. समजा, तो PE00000012345 आहे. यातलं PE हो चि मिन्ह सिटीच्या वीज कंपनीचं, तर हनोईचं PD. म्हणजे पुरवठादाराची खूण क्रमांकातच आहे. आपल्याकडे महावितरणचं बिल भरताना ग्राहक क्रमांकासोबत बिलिंग युनिट वेगळं द्यावं लागतं, तसं इथे नाही. पाण्याच्या बिलाचं मात्र वेगळं आहे. या एकाच शहरात पाणी देणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, त्यामुळे Nhà cung cấp म्हणजे पुरवठादाराच्या यादीतून आपल्या भागातली कंपनी आधी निवडावी लागते. चुकीची निवडली, तर क्रमांक बरोबर असूनही बिल सापडत नाही.

क्रमांक टाकताना दोन चुका जास्त होतात. एक, शून्याच्या जागी इंग्रजी O टाकणं. दुसरी, मीटरवरचा क्रमांकच ग्राहक क्रमांक समजणं. क्रमांक जुन्या बिलावरून घ्या, मीटरवरून नको. चुकून दुसऱ्याचा खरा क्रमांक टाइप झाला, तर बिल त्याचं उघडतं आणि पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. म्हणून ‘पुढे’ दाबण्याआधी नाव वाचा. भाड्याच्या घरात तिथे बहुधा घरमालकाचं नाव असतं, तेव्हा ते आधी विचारून ठेवा. बाकी नाही असा संदेश आला, तर बिल आधीच भरलेलं असेल किंवा अजून निघालेलं नसेल.

Mã giao dịch हा त्या एका व्यवहाराचा क्रमांक. पैसे भरल्यावर वॉलेट तो देतं आणि पुढच्या महिन्यात तो बदलतो. बिल शोधायच्या रकान्यात तो टाकून काही उपयोग नाही. त्याचं काम पैसे अडकल्यावर सुरू होतं. खात्यातून पैसे वजा झाले, पण वीज कंपनीकडे थकबाकी दिसतेय, असं झालं तर वॉलेटच्या मदत केंद्राला Mã giao dịch द्या आणि वीज कंपनीला Mã khách hàng. वीज कंपनीला व्यवहार क्रमांक दिला तर ते विचारणारच, “ग्राहक क्रमांक कोणता?”

वॉलेटवरच्या पावतीबद्दलही एक सांगायला हवं. ती पैसे दिल्याची पावती आहे, करासाठी चालणारं बीजक नव्हे. ते बीजक म्हणजे hóa đơn, आणि ते वीज कंपनीच काढते. कंपनीकडून घरखर्च परत मिळत असेल, तर हिशेब विभाग बहुधा hóa đơn मागतो. जोडणी घरमालकाच्या नावावर असेल, तर बीजकही त्याच्याच नावाने निघतं. त्यामुळे ते कसं मिळेल, हे घर घेतानाच त्याच्याशी बोलून ठरवा.