फिटची गोळी झोपेसाठी का चालत नाही : फिनोबार्बिटोनबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न वरचेवर येतो. घरात कुणाला तरी फिट येतात म्हणून फिनोबार्बिटोन चालू असते, बरेच जण तिला गार्डिनल याच नावाने ओळखतात, 30 किंवा 60 मिलिग्रॅमची गोळी असते, आणि ती घेतली की पेशंटला सुरुवातीचे काही दिवस मस्त गुंगी येते हे घरातल्या सगळ्यांनी बघितलेलं असतं. मग आजोबा किंवा काकू विचारतात की मला रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, यातलीच अर्धी घेतली तर काय होतंय? आमचं उत्तर दर वेळी नाही असंच असतं, पण काउंटरवर गर्दीत कारण नीट सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक महत्त्वाचं. तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला ही गोळी फिटसाठी डॉक्टरांनी दिलेली असेल तर हे वाचून घाबरून ती बंद करू नका. फिटसाठी ती आजही चांगलं आणि स्वस्त औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि अचानक बंद केली तर उलट जोरात फिट येऊ शकतात, एकामागून एक न थांबणाऱ्या सुद्धा. आमचं म्हणणं फक्त झोपेपुरतं आहे.

आजोबांचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नाहीये, कारण एके काळी ही झोपेचीच औषधं होती. बार्बिट्युरेट म्हणजे एका कुटुंबातली अनेक औषधं, फिनोबार्बिटोन त्यातलंच एक. या कुटुंबातलं बाजारात आलेलं पहिलं झोपेचं औषध बार्बिटल, 1903 साली एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी ते पुढे आणलं. फिनोबार्बिटोन 1912 ला आलं. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमन नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने ते वॉर्डातल्या पेशंटना शांत झोप लागावी म्हणून दिलं आणि त्याच्या लक्षात आलं की यांच्या फिटच कमी झाल्यात. म्हणजे फिटवरचा उपयोग झोपेच्या औषधातूनच सापडला. पुढची चाळीसेक वर्षं जगभर झोपेसाठी बार्बिट्युरेटच लिहून दिली जायची कारण दुसरं फारसं काही हाताशी नव्हतं, आणि तेवढ्या वर्षांत विषबाधेच्या केसेस पण हॉस्पिटलांमध्ये सारख्या येत राहिल्या. 1960 नंतर डायझेपामच्या जातीची औषधं आली आणि झोपेसाठी बार्बिट्युरेट लिहिणं हळूहळू थांबलं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे डोस जास्त झाला तर इतका धोका का.

आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, मेंदूच्या पेशींना शांत करणं हे त्याचं काम. पेशीवर एक छोटासा दरवाजा असतो, गाबा येऊन चिकटलं की तो उघडतो, क्लोराइड आत जातं आणि पेशी शांत होते. डायझेपामसारखं औषध हा दरवाजा जास्त वेळा उघडायला मदत करतं, पण उघडणारं गाबाच लागतं, ते औषध एकटं काही करू शकत नाही, त्यामुळे डोस वाढवला तरी परिणामाला कुठेतरी मर्यादा येते. बार्बिट्युरेट दरवाजा एकदा उघडला की तो जास्त वेळ उघडा धरून ठेवतं, आणि डोस वाढला की गाबा नसतानाही स्वतःच उघडतं. तिथे मर्यादा उरत नाही. डोस वाढेल तसं आधी गुंगी, मग झोप, मग हलवून सुद्धा जाग न येणारी बेशुद्धी, आणि त्यानंतर श्वास चालवणारा मेंदूचा भागच मंद पडतो. या पायऱ्या एकमेकींच्या फार जवळ आहेत, हीच सगळी भीती.

किती जवळ ते रक्ताच्या रिपोर्टवरून कळतं. फिटच्या पेशंटचं फिनोबार्बिटोनचं लेव्हल बघतात तेव्हा साधारण 15 ते 40 मायक्रोग्रॅम प्रति मिली ही उपयोगाची रेंज धरतात. 40 च्या वर गेलं की बऱ्याच जणांना चालताना झोक जायला लागतो, बोलणं जड होतं, डोळ्यांची बुबुळं नकळत हलतात. आणि 40 चं दुप्पट होण्याच्या आतच माणूस बेशुद्ध होऊ शकतो, खास करून ज्याच्या शरीराला या औषधाची सवय नाही तो. रोजच्या साध्या औषधांमध्ये नेमका डोस आणि धोक्याचा डोस यात इतकं कमी अंतर क्वचितच असतं.

दुसरी अडचण म्हणजे ही गोळी शरीरातून लवकर जातच नाही. मोठ्या माणसात तिचं अर्धं प्रमाण बाहेर पडायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात, आपण हिशोबाला चार दिवस धरू. समजा एखाद्या काकूंनी रोज रात्री 60 ची एक गोळी झोपेसाठी सुरू केली. दुसऱ्या दिवशी रात्री पहिल्या गोळीतलं 50 मिलिग्रॅम अजून अंगात आहे आणि वर नवीन 60 पडले, झाले 110. तिसऱ्या रात्री दीडशेच्या पुढे. असं साठत साठत तीनेक आठवड्यांनी अंगात साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम फिरत असतं, म्हणजे काकू रोज एकच गोळी घेतायत पण शरीरात जवळपास सहा गोळ्यांइतकं औषध आहे. म्हातारपणी किंवा लिव्हर किडनी कमकुवत असेल तर आणखी जास्त साठतं. त्यात दिवसाही गुंगी राहते, माणूस विसरतो की आपण घेतली का नाही, आणि परत एक घेतो. बाथरूमला जाताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं हे असंच होतं. त्यामुळे "एकच तर घेते" या वाक्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही, काकूंवर ठेवतो पण त्या हिशोबावर नाही.

आणि एवढं करून झोप तरी मिळते का, तर ती पण टिकत नाही. दोन आठवड्यांत झोपेच्या परिणामाची शरीराला सवय होते आणि तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते. मग माणूस डोस वाढवतो. पण श्वास मंद होण्याच्या बाबतीत शरीराला तितकी सवय होत नाही, म्हणजे झोपेसाठी लागणारा डोस वर वर जातो आणि धोक्याचा डोस जवळपास तिथेच राहतो, आधीच कमी असलेलं अंतर अजून कमी होतं. शिवाय या गोळीने स्वप्नांची झोप दबते, बंद केल्यावर ती उसळून येते, रात्रभर भयानक स्वप्नं पडतात आणि माणसाला वाटतं की गोळीशिवाय आपल्याला जमतच नाही. बरेच दिवस मोठा डोस घेऊन एकदम सोडली तर हात थरथरणं, भ्रम होणं आणि आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसाला सुद्धा फिट येणं, हे होऊ शकतं. म्हणून सोडायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

दारूबद्दल वेगळं सांगायलाच हवं. दारू पण त्याच दरवाजावर काम करते. नुसत्या दारूने निभावलं असतं किंवा नुसत्या गोळीने निभावलं असतं अशा वेळी दोन्ही मिळून श्वास थांबू शकतो. डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली दुखण्याची नाहीतर खोकल्याची औषधं, झोप आणणारी सर्दीची औषधं, यांच्या बरोबर पण हाच धोका. आणि झोपेच्या नवीन गोळ्या सुरक्षित म्हणून दारूबरोबर चालतात असं कुणी समजू नये, त्यांची ती मर्यादा एकट्या घेतल्या तरच टिकते.

फिटसाठी ही गोळी रेग्युलर चालू असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. हिच्यामुळे लिव्हर इतर औषधं लवकर संपवायला लागतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम उतरतो, आणि उलट फिनोबार्बिटोन बंद केलं की वॉरफेरिन अचानक जास्त होतं. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, आणि बाळाचा विचार असेल तर गोळी न थांबवता आधी न्यूरोलॉजिस्टला भेटा.

जास्त गोळ्या पोटात गेल्यात असा नुसता संशय जरी आला, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात असेल, जीभ जड झाली असेल, हलवून उठत नसेल, श्वास सावकाश किंवा अडखळत चालला असेल, तर 108 ला फोन करा. झोपलाय तर झोपू दे, सकाळी उतरेल, असं करू नका, ही सकाळी उतरणारी गोळी नाही हे वर बघितलंच. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, अर्धवट शुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाते. कॉफी नको, थंड पाणी मारणं नको. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही असेल ते बाहेर येऊ द्या, एकटं सोडू नका, आणि रिकामी पाकिटं, राहिलेल्या गोळ्या सगळं बरोबर न्या, त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो.

फिनोबार्बिटोनला उतारा नाही. डायझेपामच्या जातीच्या औषधांवर फ्लुमाझेनिल नावाचं इंजेक्शन आहे, ते इथे काम करत नाही. हॉस्पिटलात नळी घालून व्हेंटिलेटरवर श्वास सांभाळतात, अॅक्टिव्हेटेड चारकोल परत परत देतात, सलाईनमधून सोडा देऊन लघवीवाटे औषध जास्त बाहेर काढायचा प्रयत्न करतात आणि फारच गंभीर असेल तर डायलिसिस. 1940 च्या दशकात कोपनहेगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की उत्तेजक इंजेक्शनांचा मारा करण्यापेक्षा श्वास आणि रक्तदाब नीट सांभाळत राहिलं तर अशातले बहुतेक पेशंट वाचतात, आणि आजही उपचार त्याच वाटेने जातो. वेळेत पोहोचलेला पेशंट दोन चार दिवस बेशुद्ध राहून पूर्ण बरा होऊ शकतो, म्हणून आशा सोडू नका, फक्त उशीर करू नका.

घरात कुणी खूप निराश असेल, जगायचा कंटाळा आला असं बोलत असेल, तर गोळ्यांचा डबा एका जबाबदार माणसाने कुलपात ठेवावा आणि डॉक्टरांना सांगून एका वेळी थोड्या दिवसांच्याच गोळ्या लिहून घ्याव्यात, आम्ही तेवढ्याच देऊ, परत परत यावं लागलं तरी चालेल. त्या माणसाशी सरळ बोला, विचारल्याने असे विचार डोक्यात येत नाहीत. टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

चिठ्ठीशिवाय आम्ही ही गोळी देत नाही आणि देणार नाही, ओळखीच्या माणसाला पण नाही. झोप लागत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण थायरॉइड, दुखणं, डिप्रेशन, रात्री घोरताना श्वास अडकणं, यातलं काहीही मागे असू शकतं आणि घोरण्याच्या त्या आजारात अशा गोळ्या तर फारच वाईट. आणि फिटचा पेशंट आता दुसऱ्या औषधावर गेलाय, किंवा घरात कुणी वारलं आणि त्यांच्या गोळ्या उरल्यात, तर त्या कपाटात ठेवू नका, शेजाऱ्यांना देऊ नका. पाकीट घेऊन दुकानात या, त्यांचं काय करायचं ते आम्ही सांगू.