मुहंदिसैन की मुहंदिसीन? अरबीतली दोन माणसं मराठीत आणताना

अरबीत ‘मुहंदिस’ म्हणजे इंजिनिअर. ‘मुहंदिसैन’ म्हणजे दोन इंजिनिअर आणि ‘मुहंदिसीन’ म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त. बोलताना हा फरक कानाला लगेच कळतो. कागदावर मात्र तो दिसत नाही, कारण छापील अरबीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत. दोन्ही शब्दांची अक्षरं तीच राहतात: म, ह, न, द, स, य, न. ‘स’वरचा स्वर ‘अ’ असेल तर पुढच्या ‘य’शी मिळून ‘ऐ’ होतो आणि माणसं दोन ठरतात. तो ‘इ’ असेल तर ‘ई’ होते आणि अख्खा विभाग त्यात येतो.

शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला द्विवचन नवं नाही. बालः, बालौ, बालाः आपण पाठ केलेलं असतं. पण संस्कृतात बालौ आणि बालाः यांची गल्लत होत नाही. अरबीत होते, आणि तीही फक्त एका कोपऱ्यात. शब्द कर्ता असेल तर ‘मुहंदिसान’ (दोन) आणि ‘मुहंदिसून’ (अनेक) अशी रूपं होतात. एकात अलिफ, दुसऱ्यात वाव, त्यामुळे ती डोळ्यांनाही वेगळी दिसतात. शब्द कर्म झाला, किंवा ‘चा-ची-चे’च्या नात्यात किंवा शब्दयोगी अव्ययाच्या पुढे आला, की दोन्ही रूपं ‘य-न’वर येऊन मिळतात. स्त्रीलिंगात हा घोटाळा नाही. दोन बायका असतील तर ‘मुहंदिसतैन’ आणि जास्त असतील तर ‘मुहंदिसात’. म्हणजे चकवा पुरुषांच्या, किंवा स्त्रीपुरुष एकत्र असलेल्या गटाच्या, शब्दातच आहे.

कोकणातल्या अनेक घरांतून कुणी ना कुणी आखातात नोकरीला असतं. अशाच एका घरातलं पत्र माझ्याकडे अनुवादाला आलं होतं. त्यातलं मुख्य वाक्य साधारण असं होतं: ‘क़र्ररत अश्शरिका नक़्ल अल्-मुहंदिसैन अल्लज़ैन तअख़्ख़रा इला फ़र्अ आख़र, व मन्हहुमा मुहलत शहरैन.’ इथे मी स्वर भरून लिहिलं आहे. पत्रात अर्थातच ते नव्हते. मी घाईत ‘मुहंदिसीन’ वाचलं आणि लिहून दिलं: ‘उशीर करणाऱ्या इंजिनिअरांची दुसऱ्या शाखेत बदली करण्याचं कंपनीनं ठरवलं आहे.’ घरच्यांचा समज झाला की सगळ्यांवरच कारवाई झाली, म्हणजे हा कंपनीचा धोरणात्मक निर्णय आहे. खरं तर बदली दोघांचीच होती आणि त्यांतला एक त्यांचा मुलगा होता. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी पत्र परत मागवून ओळ दुरुस्त केली.

तेच वाक्य नीट वाचलं असतं तर ‘दोन’ हा आकडा कुठेही नसूनही दोनपण चार ठिकाणी लिहिलेलं सापडलं असतं.

पहिली खूण ‘जे’ या अर्थाच्या शब्दात आहे. अनेकांसाठी तो ‘अल्लज़ीन’ आणि दोघांसाठी ‘अल्लज़ैन’. शेवटी पुन्हा तेच ‘य-न’, पण अनेकवचनी शब्द एका लामनं, म्हणजे एका ‘ल’नं, लिहितात आणि द्विवचनी दोन लामांनी. ही केवळ लेखनाची रूढी आहे, उच्चारात ती ऐकू येत नाही. वाचणाऱ्याला मात्र याहून भरवशाची खूण नाही, म्हणून मी आता आधी लाम मोजतो. दुसरी खूण क्रियापद. दोघांनी उशीर केला तर ‘तअख़्ख़रा’, शेवटी नुसता अलिफ. अनेकांनी केला तर ‘तअख़्ख़रू’, शेवटी वाव आणि अलिफ. तिसरी खूण सर्वनाम: ‘मन्हहुमा’तला ‘हुमा’ म्हणजे ते दोघे. अनेक असते तर ‘हुम’ आलं असतं. चौथी गोष्ट ‘शहरैन’, म्हणजे दोन महिने. ती इंजिनिअर किती हे सांगत नाही, पण तिथलं ‘दोन’ही शब्दाच्या शेपटातच आहे. ते सुटलं की दोन महिन्यांची मुदत ‘महिन्याची मुदत’ होऊन बसते. दुरुस्त ओळ अशी झाली: ‘उशीर करणाऱ्या दोन इंजिनिअरांची दुसऱ्या शाखेत बदली करण्याचं आणि त्या दोघांना दोन महिन्यांची मुदत देण्याचं कंपनीनं ठरवलं आहे.’

या खुणा दर वेळी मिळतीलच असं नाही. क्रियापद कर्त्याच्या आधी आलं तर अरबीत ते एकवचनीच राहतं, फक्त लिंग पाळतं. त्यामुळे ‘हज़र’ (आला) या क्रियापदावरून पुढे एक येणार, दोन की दहा, हे कळत नाही. विशेषण कधी मदत करतं, कधी नाही. ‘नवे’ असेल तर दोघांना ‘जदीदैन’ आणि अनेकांना ‘जुदुद’, तिथे प्रश्न मिटतो. पण ‘मिस्री’ म्हणजे इजिप्तचे असेल तर ‘मिस्रिय्यैन’ आणि ‘मिस्रिय्यीन’ पुन्हा एकसारखेच लिहिले जातात. पुढे ‘कंपनीचे’ असा शब्द जोडला की शेवटचा ‘न’ही गळतो आणि दोन्हीकडे नुसता ‘य’ उरतो. अशा वेळी वाक्यात अडकून पडू नये. पत्रात खाली नावं किती आहेत, सह्या किती आहेत, ते पाहावं. तेही नसेल तर पत्र लिहिणाऱ्याला विचारावं. अंदाजानं ‘दोन’ घालणं किंवा गाळणं यांतलं काहीच करू नये.

आता दुसरी बाजू. दोनपण ओळखलं, पण मराठीत ते ठेवायचं कसं? सगळीकडे अनेकवचन वापरलं की झालं, असं वाटतं. पण मराठीत अनेकवचन आदरासाठीही लागतं. ‘साहेब आले’ म्हणजे साहेब एकच. ‘तुम्ही बसा’ हे एकाच वडीलधाऱ्या माणसालाही म्हणतात. त्यामुळे अरबीत स्पष्टपणे दोघांना उद्देशून असलेलं ‘इज्लिसा’ मी ‘बसा’ असं लिहिलं, तर मराठी वाचकाला समोर एकच आदरणीय माणूस दिसू शकतो. आपल्याकडे दोनाचे अनेक होतात आणि कधी दोनाचा एकही होतो.

यावर आपल्याच भाषेत उत्तम साधन आहे: दोघे, दोघी, दोघं. हे शब्द फक्त माणसांसाठी आहेत आणि ते लिंगही सांगतात. दोन पुरुष ‘ते दोघे’, दोन बायका ‘त्या दोघी’, एक बाई आणि एक पुरुष ‘ती दोघं’. अरबीत ‘हुमा’ हे सर्वनाम स्त्रियांना आणि पुरुषांना एकच आहे. लिंग क्रियापदात दिसतं: ‘हुमा ज़हबा’ म्हणजे ते दोघे गेले आणि ‘हुमा ज़हबता’ म्हणजे त्या दोघी गेल्या. ‘तुम्ही दोघे’साठीच्या ‘अन्तुमा’त तर क्रियापदही लिंग सांगत नाही. त्यामुळे दोन बहिणींना आलेलं पत्र पुरुषांना लिहिल्यासारखं अनुवादित होऊ शकतं. पुढे एखादं विशेषण स्त्रीलिंगी दिसलं, किंवा वर नाव सापडलं, की ‘तुम्ही दोघी’ लिहायला हरकत नाही.

मिश्र जोडी असली की अरबी ती पुल्लिंगात घालते. ‘वालिदान’ शब्दशः दोन जनक, अर्थ आईवडील. ‘अबवान’ तर शब्दशः ‘दोन बाप’, आणि तिथेही अर्थ आईवडीलच. संस्कृतातल्या ‘पितरौ’सारखंच हे. इथे ‘ते दोघे’ लिहिणारा अनुवादक अरबीचं व्याकरण सांभाळतो आणि मराठी बिघडवतो. ‘आईवडील, ती दोघं’ हेच बरोबर. अरबीनं एका रूपात गुंडाळलेलं मराठी उलगडून सांगते, म्हणून ‘दोघं’ लिहिण्याआधी त्यात बाई आहे की नाही हे नक्की करावं लागतं.

वस्तूंच्या बाबतीत लिंगाचा हिशेब वेगळा आहे आणि नवशिके तिथे हमखास अडखळतात. ‘किताब’ अरबीत पुल्लिंगी. दोन नवी पुस्तकं ‘किताबान जदीदान’, म्हणजे विशेषणही पुल्लिंगी द्विवचनी. तीन झाली की अनेकवचन ‘कुतुब’, आणि विशेषण एकदम ‘जदीदा’, स्त्रीलिंगी एकवचनी. माणूस नसलेल्या कुठल्याही गोष्टीचं अनेकवचन अरबी व्याकरण ‘ती’ म्हणून वागवतं. सर्वनामही तसंच. दोन करारांवर सही केली तर ‘वक़्क़अ्तुहुमा’, पुष्कळ करारांवर केली तर ‘वक़्क़अ्तुहा’. हा ‘हा’ एखाद्या बाईसाठीही वापरतात. त्यामुळे मागचा शब्द न पाहता ‘मी तिच्यावर सही केली’ असं लिहिलेले अनुवाद मी पाहिले आहेत. मराठीत करार पुल्लिंगी आहे, म्हणून ‘त्यांच्यावर सह्या केल्या’. दोनच असतील तर ‘दोन्हींवर’. वस्तूचं अरबी लिंग मी सोडून देतो आणि मराठी नामाचं घेतो. माणसाचं लिंग मात्र कधी सोडत नाही.

‘दोन’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही, हा शेवटी जिभेचा प्रश्न आहे. ‘बि-ऐनय्य’ म्हणजे शब्दशः ‘माझ्या दोन डोळ्यांनी’, पण मराठीत ‘माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ इतकंच पुरतं. डॉक्टरच्या कागदावर ‘अल्-उज़ुनैन’ असेल तर तो न्याय लावता येत नाही. ‘कान’ मराठीत एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच. ‘कान सुजले’ कळतं, पण ‘कान दुखणे’मधून एक की दोन कळत नाही. तिथे ‘दोन्ही कान’ लिहायलाच हवं. गोष्टीत किंवा पत्रात मी पहिल्यांदा ‘दोघे’ लिहितो, पुढे नुसतं ‘ते’ ठेवतो आणि मध्ये तिसरं कुणी आलं की पुन्हा ‘दोघे’ आणतो. दर क्रियापदाला ‘दोघे’ लावलं तर वाचणाऱ्याला ठेचा लागतात.

एक शब्द मात्र मला उशिरा सुचला. अरबी करारात पहिल्या ओळीत बहुतेक वेळा ‘इत्तफ़क़ अत्-तरफ़ान’ असतं, म्हणजे दोन पक्ष राजी झाले. मी कित्येक दिवस ‘दोन्ही पक्ष’ लिहीत होतो. आपल्या दस्तांमध्ये मात्र यासाठी ‘उभय पक्ष’ आधीपासून आहे. ‘दोघे’ माणसं मोजतो, ‘उभय’ बाजू मोजतो. एकेका बाजूला शंभर माणसं असली तरी चालतं. कुराणातल्या अर्-रहमान सूरेत एकतीस वेळा येणाऱ्या ओळीत ‘रब्बिकुमा’ आणि ‘तुकज़्ज़िबान’ ही द्विवचनं आहेत. तिथले दोन म्हणजे जिन्न आणि मानव, असा सर्वसाधारण अर्थ लावतात. ‘तुम्ही दोघे’ म्हटलं तर समोर दोन माणसं उभी राहतात आणि नुसतं ‘तुम्ही’ म्हटलं तर दोनपण हरवतं. ‘तुम्ही उभय’ म्हटलं की समोर दोन समूह राहतात.