खोली शांत झाली की कान का वाजतात?

झोप येत नाही म्हटलं की मिळणारी सल्ल्यांची यादी आता सगळ्यांना पाठ झाली आहे. खोलीत अंधार हवा, थोडा गारवा हवा, मोबाइल लांब ठेवा आणि अजिबात आवाज नको. बहुतेकांना ही यादी उपयोगी पडते. पण ज्यांचे कान वाजतात, म्हणजे ज्यांना कर्णनादाचा त्रास आहे, त्यांना यातला शेवटचा सल्ला हमखास नडतो. तो का नडतो, हे कळलं की रात्रीचं अर्ध कोडं सुटतं.

माझ्या मामांची उभी हयात इचलकरंजीत यंत्रमागावर गेली. माग चालू असताना शेडमध्ये 90 डेसिबलच्या वर आवाज असतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं. निवृत्तीनंतर त्यांच्या दोन्ही कानांत बारीक, उंच स्वराची किरकिर सुरू झाली. ‘‘आरं, दिवसा कुठं असतंय हे? दिवा मालवला की रातकिडं जागं हुत्यात बघ,’’ असं ते सांगायचे. गावातल्या एका डॉक्टरांनी ‘वयाप्रमाणे होतंच, सवय करा’ म्हणून परत पाठवलं. सवय कशी करायची, हे मात्र सांगितलं नाही.

पुढे त्यांची श्रवण चाचणी झाली. कागदावरची रेषा 2000 हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट होती. 4000 ला ती एकदम 55 डेसिबलपर्यंत घसरली होती आणि 6000 ला 60 पर्यंत. मग ऑडिओलॉजिस्टनी हेडफोनमधून वेगवेगळे स्वर ऐकवून ‘तुमची किरकिर यातली कुठली?’ असं विचारलं. स्वर जुळला 6000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जिथे ऐकू येणं सर्वांत कमी झालं होतं तिथेच. आवाजाची पातळी जुळवली तेव्हा ती त्यांना त्या स्वराला जेमतेम ऐकू येण्याच्या सीमेपेक्षा फक्त 5 डेसिबल वर निघाली. मामांचा विश्वासच बसेना, कारण रात्री त्यांना ती शिट्टीसारखी वाटायची. खरं तर हे नेहमीचंच आहे. बहुतेक रुग्णांची किरकिर अशी जुळवली, तर ती त्या सीमेपेक्षा 10 डेसिबलनेसुद्धा वर नसते. त्रास किती होतो आणि आवाज किती मोठा भरतो, यांचा मेळ फारसा बसत नाही.

आता मूळ प्रश्न. बाहेर काहीच वाजत नसताना हा स्वर येतो कुठून?

आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत, म्हणजे कर्णशंखात, आतल्या बाजूच्या सुमारे साडेतीन हजार केसपेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. उंच स्वरांच्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात. मोठ्या आवाजाने आणि वयाने साधारणपणे त्याच आधी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. एवढ्याने तो स्वर ऐकू येणं बंद व्हायला हवं. पण श्रवणमार्गातल्या चेतापेशी कधीच पूर्ण गप्प नसतात. आवाज नसतानाही त्या अधूनमधून ठिणग्या टाकत राहतात. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू त्या पट्ट्यातली स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. मंडपातला साऊंडवाला असंच करतो. वक्त्याचा आवाज कमी पडला की तो गेन चढवतो आणि भाषणाबरोबर माइकची खरखरही मोठी होते. मामांना ऐकू येणारी किरकिर ही ती खरखर असावी, असं आजचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. यात मेंदूच्या खोडातल्या पहिल्याच श्रवणकेंद्रापासून फरक पडतो. तिथे शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या पेशींचा दाब सैल होतो.

या स्पष्टीकरणाच्या बाजूने मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. 2012 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या 18 जणांना एका कानात 7 दिवस बोळा घालून ठेवायला सांगितलं. त्यातल्या 14 जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. आवाजांचा स्वर बोळ्याने जो उंच स्वरांचा पट्टा अडवला होता त्याच्याशी जुळत होता. बोळा काढल्यावर आवाज गेले. कानाला काहीही इजा न करता, नुसती आवक तोडून कर्णनाद तयार करता येतो आणि आवक परत दिली की तो जातोही, हे त्यातून दिसलं. मामांच्या कानातला बोळा मात्र निघणारा नाही, म्हणून त्यांची किरकिर टिकून आहे.

रात्रीचं गणित इथे सुटतं. दिवसा घरात 45-50 डेसिबलची गजबज सहज असते, म्हणजे मेंदूला खरी आवक मिळत असते. रात्री खिडक्या लावल्या, पंखा बंद केला की खोली 25-30 वर येते. किरकिर होती तेवढीच राहते, पण तिच्या आजूबाजूचं सगळं पुसलं जातं. निरोगी कानांचंही असंच होतं. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी कानाची तक्रार नसलेल्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं, तर त्यातल्या 94 टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. कानात बोळे घालून झोपणारा कर्णनादाचा रुग्ण रोज रात्री हाच प्रयोग स्वतःवर करत असतो.

आता झोपेचं. मामांची तक्रार होती की किरकिर पहाटे 2-3 वाजता जागं करते. पण सतत एकसारखा चालणारा आवाज सहसा झोपमोड करत नाही, बदल झोपमोड करतो. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि त्यांच्या सीमेवर आपण सगळेच क्षणभर जागे होतो. सकाळी ते आठवतही नाही. मामांना त्या क्षणी शांत खोलीत किरकिर भेटायची. ‘आता झोप गेली’ हा विचार यायचा, छाती धडधडायची आणि खरंच झोप जायची. बिघाड त्या विचारापाशी सुरू होतो.

म्हणून आवाज लावायचा तो किरकिर बुडवण्यासाठी लावायचा नाही. आधी तो हळूहळू वाढवायचा, किरकिर ऐकू येईनाशी होईपर्यंत. मग कमी करत यायचं, किरकिर पुन्हा जेमतेम डोकावेपर्यंत, आणि तिथेच थांबायचं. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले, दोन्ही ऐकू येणारे. 1990 च्या दशकात कर्णनादाचे संशोधक पावेल जास्त्रेबॉफ यांच्या उपचारपद्धतीने ही पातळी रूढ केली. पूर्ण बुडवलेल्या आवाजाची मेंदूला सवय होऊ शकत नाही, हा त्यामागचा तर्क. शयनगृहातल्या सततच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 1999 ची शिफारस 30 डेसिबलची आहे, तेव्हा काम भागेल तितका कमी आवाज ठेवणं बरं.

आवाज कुठला, यावरून इंटरनेटवर पांढरा, गुलाबी, तपकिरी अशी मोठी चर्चा चालते. पांढऱ्यात सर्व वारंवारितांना सारखी ऊर्जा असते. गुलाबीत ती दर सप्तकाला 3 डेसिबलने उतरते आणि तपकिरीत 6 ने. मामांना 6000 हर्ट्झला 60 डेसिबल कमी ऐकू येतं, म्हणजे हलक्या पांढऱ्या आवाजातला नेमका तो भाग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तरीही पंख्याच्या घरघरीने त्यांना आराम पडतो. कारण बाहेरचे दोन आवाज एकमेकांना झाकतात तेव्हा त्यांचे स्वर जवळचे असावे लागतात, तो नियम कर्णनाद पाळत नाही. बऱ्याच रुग्णांची किरकिर दूरच्या स्वरानेही झाकली जाते, हे 1971 मध्येच फेल्डमन या संशोधकाने दाखवलं होतं. तेव्हा रंगाच्या नादाला न लागता जो कंटाळवाणा वाटेल तो आवाज घ्यावा.

आणि 528 हर्ट्झच्या ‘दैवी’ स्वराने कर्णनाद मुळापासून जातो म्हणणारे व्हिडिओ बघून कुणी रात्री घालवू नयेत. त्या आकड्यात कानाच्या दृष्टीने विशेष काही नाही. लसूण घालून कढवलेलं तेल कानात ओतणं तर त्याहून वाईट. कर्णशंख पडद्यापलीकडे हाडात आहे, तेल तिथे पोचत नाही. पडद्याला आधीच भोक असेल तर मात्र ते मधल्या कानात जाऊन संसर्ग वाढवू शकतं.

मामांचा आवाज बसवायला थोडी खटपट करावी लागली. आधी फोनवर पावसाचा व्हिडिओ लावला, तर मध्यरात्री जाहिरात किंचाळली. दुसऱ्या पावसात ढग गडगडायचे. तिसऱ्याची फाइल एका मिनिटाची होती आणि तिचा सांधा मामांना बरोबर ऐकू यायचा, मग ते पुढच्या सांध्याची वाट बघत पडायचे. कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, पण शब्द आले की माणूस ऐकत बसतो. सर्वांत फसवा निघाला टायमर. तासाभराने आवाज बंद व्हायचा आणि पहाटेची ती क्षणिक जाग पुन्हा निखळ शांततेत यायची. शेवटी एकसुरी पावसाची लांब फाइल उतरवून घेतली आणि खिडकीच्या कट्ट्यावरच्या छोट्या स्पीकरवर रात्रभर चालू ठेवली. मामींना तो आवाज सोसेना, म्हणून काही दिवसांनी उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर आणला. रात्रभर कानात इयरफोन घालून झोपणं मात्र टाळलं, कारण त्याने कान बंद होतो, मळ साचतो आणि त्वचा चिडते.

एवढं करूनही नुसत्या आवाजाने काम झालं नाही, आणि ते अपेक्षितच होतं. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात ध्वनी उपचार हा नुसती वाट बघण्यापेक्षा किंवा लटक्या उपचारापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्याचा पुरावा जास्त भक्कम आहे ते म्हणजे निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत कर्णनादाच्या रुग्णांना तिने नेहमीच्या श्रवणोपचारापेक्षा जास्त फायदा झाला.

मामांसाठी तिचा गाभा असा ठरला. ते रात्री 9 ला आडवे व्हायचे, 12 पर्यंत किरकिर ऐकायचे आणि तुकड्यातुकड्यांनी जेमतेम साडेपाच तास झोपायचे. म्हणजे अंथरूण ही त्यांची किरकिर ऐकायची जागा झाली होती. समुपदेशकांनी उठायची वेळ साडेपाचला पक्की केली आणि अंथरुणात जायची वेळ पावणेबारा. दुपारची वामकुक्षी बंद. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं, तर घड्याळ न बघता उठायचं, बाहेर मंद दिव्यात बसायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. बाहेरच्या खोलीतही हलका आवाज हवा, नाहीतर तिथेही किरकिर वाट बघत असते. पहिला आठवडा वाईट गेला. मामा दिवसभर पेंगत होते आणि वैतागून सोडून द्यायला निघाले होते. झोप सलग होऊ लागल्यावर दर आठवड्याला निजायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी झोप अशी कमी करायचा प्रयोग स्वतःहून करू नये, आणि दिवसा गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनीही जपून राहावं.

दिवसा श्रवणयंत्र लावायला लागल्यापासून मामांना संध्याकाळही हलकी जाते, कारण हरवलेली आवक थोडी परत मिळते. किरकिर अजून आहे. पहाटे जाग आली तर ते ती ऐकतात आणि कूस बदलतात.

पावसाचा आवाज लावून भागवू नये अशा काही तक्रारीही आहेत. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत भोवळ येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासणी हवी. चेहरा लुळा पडला तर त्याच दिवशी. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेही तातडीचं समजावं. त्यावरचा स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच त्याचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.