रंगसंस्करण व प्रीसेट (सहलीच्या छायाचित्रमालिकेतील)

वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या प्रकाशात टिपलेली एकाच सहलीची छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवली असता ती एकाच मालिकेतील वाटावीत, यासाठी त्यांच्या रंगांवर व उजेड-सावलीवर केले जाणारे संस्करण. व्यवहारात यास कलर ग्रेडिंग म्हणतात. या संस्करणातील ठरावीक आकडे साठवून ते एका क्लिकसरशी दुसऱ्या छायाचित्रास लावता येतात. अशा साठवलेल्या संचास प्रीसेट, तर मोबाइल ॲपमधील त्याच्या तयार रूपास फिल्टर म्हणतात.

पूर्वपीठिका : या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक मत तिला मूकपटांपर्यंत मागे नेते. त्या काळी रात्रीचे प्रसंग निळ्या, तर दिव्याच्या उजेडातील प्रसंग पिवळसर रंगाच्या द्रावणात फिल्म बुडवून रंगवीत असत. मात्र हा रंग प्रसंगापुरता असे. दोन चित्रचौकटींमधील तफावत त्याने भरून निघत नसे. दुसरे मत चित्रपटांच्या रंगीत प्रतींच्या छपाईकडे बोट दाखवते. प्रयोगशाळेतील ग्रेडर प्रत्येक शॉटसाठी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाची मात्रा १ ते ५० या मापावर ठरवी आणि सकाळी व दुपारी चित्रित झालेले शॉट एकाच प्रसंगात बेमालूम बसवी. तंत्राच्या दृष्टीने हे मत अधिक भक्कम आहे, कारण ‘आधी जुळवणी, मग छटा’ हा क्रम तेथूनच आला.

हौशी छायाचित्रकाराच्या बाबतीत मात्र तिसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. पारदर्शिकांच्या म्हणजे स्लाइडच्या काळात एकसूरीपणा वेगळा आणावा लागत नसे. कोडाक्रोम (१९३५) किंवा फुजीची व्हेल्विया (१९९०) यांचा एक रोल कॅमेऱ्यात घातला की त्यातील छत्तीसही चित्रांना फिल्मचा तोच स्वभाव मिळे. प्रकाश बदलला तर तो बदल तसाच दिसे, पण त्याला मिळणारा प्रतिसाद बदलत नसे. डिजिटल कॅमेऱ्याने ही स्थिती उलटवली. पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग बेतणारे त्यातील स्वयंचलित श्वेतसंतुलन, म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्स, प्रत्येक चित्राचा निवाडा स्वतंत्रपणे करते. मागच्या चित्रात काय ठरवले होते याच्याशी त्याला सहसा कर्तव्य नसते. म्हणून सहलीच्या मालिकेतील प्रीसेटकडे नवी सजावट म्हणून न पाहता हरवलेल्या सलगतेची भरपाई म्हणून पाहणे योग्य ठरते.

या तिसऱ्या मतालाही एक मर्यादा आहे. निगेटिव्हवरून कागदी प्रती काढणारी यंत्रे आधीपासूनच चित्रागणिक निवाडा करीत होती. कोडॅकमधील राल्फ इव्हान्स यांच्या पद्धतीस १९५१ मध्ये पेटंट मिळाले. सर्वसाधारण दृश्यातील सगळे रंग एकत्र मिसळले तर सरासरी करडी येते, हे तिचे गृहीत होते. यंत्र प्रत्येक प्रतीची सरासरी करड्याकडे ओढी. दृश्यात एकच रंग भरून राहिला असेल तर हे गृहीत कोसळे. लाल भिंतीसमोरच्या माणसांची प्रत निळसर-हिरवट झाक घेऊन येई. आजच्या कॅमेऱ्यांतील हिशेब पुष्कळ सुधारलेले आहेत, तरी ही ओढ पूर्णपणे गेलेली नाही. पुढील उदाहरणात तिचा उपद्रव दिसेल.

संगणकावरील छायाचित्रांसाठी प्रीसेटचा प्रसार प्रामुख्याने ॲडोबी लाइटरूम (२००७) या प्रणालीने झाला. मोबाइलवरील फिल्टर २००९-१० च्या सुमारास, विशेषतः हिप्स्टामॅटिक व इन्स्टाग्राम या ॲपमुळे, घरोघरी पोहोचले.

प्रीसेटचे अंतरंग : लाइटरूमचा प्रीसेट ही साधी मजकुराची फाइल असते. सावल्यांत किंचित निळा व उजळ भागांत किंचित पिवळा रंग मिसळणाऱ्या प्रीसेटमधील महत्त्वाच्या ओळी अशा दिसतात :

```
crs:SplitToningShadowHue="215"
crs:SplitToningShadowSaturation="10"
crs:SplitToningHighlightHue="42"
crs:SplitToningHighlightSaturation="8"
```

पहिल्या व तिसऱ्या ओळीतील आकडे रंगचक्रावरील अंश असून दुसऱ्या व चौथ्या ओळीतील आकडे त्या रंगाची तीव्रता सांगतात. २०२० मध्ये पडद्यावरील विभागाचे नाव बदलून Color Grading झाले, तरी फाइलमध्ये जुनी नावे टिकून आहेत.

वरील ओळींत तापमान (Temperature) व एक्स्पोजर यांची ओळ नाही, आणि ती नसणे हेच चांगल्या प्रीसेटचे लक्षण होय. तापमान हा श्वेतसंतुलनाचा केल्विनमधील आकडा; तो वाढवला की चित्र पिवळसर व घटवला की निळसर होते. एक्स्पोजर म्हणजे चित्राचा एकूण उजेड. प्रीसेटमधील आकडा चित्रातील आधीच्या आकड्यात मिळवला जात नाही, त्याची जागा घेतो. उन्हातील चित्रावर तयार केलेल्या प्रीसेटमध्ये ५२०० केल्विन साठवले गेले असेल, तर दिव्याखालचे चित्रही ५२०० वर जाऊन नारिंगी होते. विकतच्या अनेक प्रीसेटमध्ये ही चूक आढळते. स्वतःचा प्रीसेट साठवताना White Balance व Exposure यांपुढील खूण काढून टाकावी.

उदाहरण : जुन्या गोव्यातील एका दिवसाची छायाचित्रे या कामी उत्तम नमुना ठरतात. तेथे बॉम जेझूसची बॅसिलिका व से कॅथेड्रल या दोन वास्तू रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. बॅसिलिकेच्या जांभ्या दगडावर गिलावा नाही. से कॅथेड्रल पांढरे आहे. समजा, मालिकेत तीन चित्रे आहेत : से कॅथेड्रलसमोर उन्हात उभे असलेले कुटुंब, बॅसिलिकेच्या भिंतीशी चौकटभर जांभा असलेले तेच कुटुंब आणि रात्री पिवळ्या दिव्याखालचे जेवण.

प्रथम एक आधारचित्र निवडावे. येथे ते से कॅथेड्रलसमोरचे. त्याचे तापमान ५२०० केल्विनच्या आसपास येते. टेकवलेली जागा करडी-पांढरी धरून श्वेतसंतुलन ठरवणारा ड्रॉपर भिंतीवर टेकवण्याचा मोह होतो. पण चुन्याची जुनी भिंत तंतोतंत पांढरी नसते, आणि तिच्या सावलीतल्या भागावर आभाळाचा निळा उजेड पडलेला असतो. उन्हातला करडा कपडा किंवा बॅगेचा पट्टा अधिक भरवशाचा. त्यानंतर चेहऱ्यावर कर्सर नेऊन हिस्टोग्रामखालचे टक्के वाचावेत. समजा, लाल ६२, हिरवा ४८, निळा ३९ असे मिळाले. त्वचा गोरी असो की सावळी, साधारण उजेडात हा उतरता क्रम टिकतो. निळा हिरव्याच्या बरोबरीला किंवा वर गेला, तर चित्रात जांभळट झाक शिरली आहे असे समजावे.

दुसऱ्या चित्रात कॅमेऱ्याने चौकटभर जांभा पाहून तो तांबूस प्रकाश असल्याचे धरले आणि तापमान ४५०० नोंदवले. परिणामी दगड मातकट व चेहरे फिकट झाले. ऊन तेच असल्यामुळे येथे ५२०० हाच आकडा हाताने भरावा. एवढ्याने भिंतीचा तांबडा रंग परततो. भिंतीवरून परतलेल्या उजेडाने चेहऱ्यांवर थोडी लाली उरते. ती त्या जागेचीच असल्याने ठेवावी. उजेडाची जुळवणी आभाळ किंवा भिंत यांवरून न करता चेहऱ्यावरून करावी. लाल वाहिनी, म्हणजे लालचा टक्का, ६२ च्या आसपास येईपर्यंत एक्स्पोजर हलवावे.

रात्रीच्या चित्रात केळीच्या पानाशेजारचा पांढरा भात २८०० केल्विनवर पांढरा दिसतो. तरीही तेथे थांबू नये. दिव्याखाली बसलेल्या माणसाची दृष्टी पिवळेपणाशी बरीच जुळवून घेते, पण पूर्णपणे नाही; तो थोडा उरलेला पिवळेपणा म्हणजेच त्या जेवणाची आठवण. आकडा ३३०० च्या जवळ ठेवला तर भात किंचित उबदार दिसतो आणि आधारचित्राशी फारकतही होत नाही. उजेडही पूर्ण ६२ पर्यंत नेऊ नये. रात्र रात्रच दिसली पाहिजे.

ही जुळवणी झाल्यावरच वरचा प्रीसेट तिन्ही चित्रांना लावावा. जुळवणी न करताच तो लावला तर तिन्ही चित्रे सारख्याच अंतराने सरकतात आणि त्यांच्यातील मूळची तफावत होती तशीच राहते. फिल्टर लावूनही अल्बम विस्कळीत दिसतो, त्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते.

त्वचा व जांभा यांचा पेच : बाजारातील लोकप्रिय प्रीसेट सावल्या निळसर-हिरव्या करून चेहरे नारिंगी उजळवतात. त्यासाठी Orange या पट्टीची उजळी वाढवलेली व तीव्रता उतरवलेली असते. गोऱ्या त्वचेवर हे खपून जाते. गव्हाळ वा सावळ्या त्वचेवर मात्र चेहरा राखेरी व सपाट होतो, गालावरची सावलीच नाहीशी होते. कोकणपट्टीत त्यात आणखी एक अडचण येते. जांभा व लाल माती यांचा रंग त्वचेच्या रंगाला अगदी लागून असल्याने तीच पट्टी दोहोंना हलवते. चेहरे उजळायला जावे तर बॅसिलिका बिस्किटाच्या रंगाची होते. म्हणून या भागासाठीच्या प्रीसेटमध्ये नारिंगी पट्टी शून्यावरच ठेवावी आणि चेहऱ्याला जे करायचे ते त्या चित्रापुरते, ब्रशने मास्क रंगवून करावे. हिरवा रंग पिवळ्याकडे ढकलणाऱ्या प्रीसेटमध्ये माडाच्या झावळ्या वाळल्यासारख्या दिसतात, तेही टाळावे.

मर्यादा : वरील केल्विनचे आकडे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या, फाइलपुरते खरे आहेत. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने रंग आधीच पक्के केलेले असतात, त्यामुळे लाइटरूम तेथे केल्विनऐवजी −१०० ते +१०० अशी सापेक्ष पट्टी दाखवते. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक वाहिनीला २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगमधील संध्याकाळच्या आभाळाला जोरदार छटा दिली की त्यात पट्टे उमटतात. घरातील दोघातिघांच्या फोनवरून गोळा केलेल्या चित्रांत प्रत्येक फोनने आपापली प्रक्रिया केलेली असते. तेथे प्रीसेट सौम्य ठेवून जुळवणीवर अधिक वेळ द्यावा.

तपासणी चित्र मोठे करून होत नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये सर्व चित्रे निवडून N दाबावे, म्हणजे ती लहान आकारात शेजारीशेजारी येतात. त्या आकारात बारकावे मिटतात व केवळ रंग आणि उजेड उरतो, त्यामुळे फटकून असलेले चित्र लगेच नजरेत भरते. त्याचे तापमान किंवा एक्स्पोजर तेवढे बदलावे. प्रीसेटला हात लावू नये, कारण तो एका चित्रासाठी हलवला की उरलेल्या चित्रांशी त्याचे नाते तुटते.