सावली गेली, रेषा उरली

वस्तूच्या फोटोवरून तांत्रिक रेषाचित्र काढताना छायांकन का टाळतात? ‘स्वच्छ दिसतं म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. जुने यंत्रआराखडे रंगीत असत. गोलाई सावलीने दाखवत, धातू आणि लाकूड वेगवेगळ्या पातळ रंगांनी.

हे बदललं त्यामागे नकलांची गरज होती. 1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी सायनोटाइप ही उजेडाने निळी नक्कल उमटवण्याची पद्धत शोधली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावरून ब्लूप्रिंट रूढ झाली. पारदर्शक कापडावरच्या काळ्या शाईच्या रेषेने प्रकाश अडला की तिथे पांढरी रेघ उरायची आणि बाकी कागद निळा व्हायचा. पातळ रंग मात्र प्रकाश अर्धवट अडवायचा, म्हणून नकलेत नुसते डाग उमटायचे. तेव्हा रंग गेले, त्यांच्या जागी समांतर तिरक्या रेघा आल्या आणि लपलेल्या कडांसाठीची तुटक रेषा नेमाची झाली.

फोटोची अडचण याच्या नेमकी उलट. त्यात कडा नसतातच, फक्त उजेडाचे फरक असतात. 1963 मध्ये एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी ठोकळ्यांच्या फोटोतून संगणकाकरवी रेषा काढवल्या. शेजारच्या चार बिंदूंमध्ये कर्णरेषेने उजेड किती बदलतो, हे त्यांनी मोजलं. पण ठोकळा ओळखायला तेवढं पुरेना. घन, पाचर आणि षट्कोनी लोलक हे तीन आकार त्यांनी आधीच गृहीत धरले होते. वस्तू कोणती हे ठरल्यावरच दुसऱ्या बाजूने ती कशी दिसेल आणि कुठली कड झाकली जाईल, हे सांगता येई. मला वाटतं, या कामाचं मर्म तिथेच आहे: आधी ओळख, मग रेषा.

साधा कानाचा मग घ्या. फोटोत सर्वांत ठळक फरक दिसतो तो अंगावरच्या चमकेच्या पट्ट्याचा आणि टेबलावरच्या सावलीचा, आणि दोन्ही चित्रातून वगळायचे असतात. उलट कान अंगाला मिळतो तिथली गोलाई इतकी मऊ असते की फोटोत फरक जेमतेम दिसतो, तरी जोड कळण्यासाठी तिथे बारीक रेषा काढावी लागते, टोकाकडे विरत जाणारी. काठाला दोन लंबवर्तुळं हवीत, बाहेरचं आणि आतलं. एकच काढलं तर मग पत्र्याचा वाटतो.

आता लपलेल्या कडा. बुडाच्या लंबवर्तुळाची मागची बाजू तुटक रेषेने दाखवली तर नवीन काही कळत नाही, उलट आत कप्पा असल्याचा भास होतो. ती सोडून द्यावी. आतल्या तळाची उंची कामाची असते खरी, पण फोटो वरून डोकावून घेतलेला नसेल तर ती त्यात नसते, आणि डोकावूनही जाडी कळत नाही. अंदाजाने तुटक रेषा मारली तर बघणारा ती मोजलेलीच समजतो. तेव्हा वस्तू हातात असेल तर आतली खोली आणि बाहेरची उंची दोन्ही मोजावी, वजाबाकी करावी आणि तळ शेजारी वेगळ्या छेदचित्रात दाखवावा.