औंस नक्की कुठला?

फर्लांगाचं काम सोपं. मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण २०१ मीटर. भानगड औंसाची आहे, आणि ती कळते केक बिघडल्यावर.

क्रॉफर्ड मार्केटमधून मेजरिंग कपांचा संच आणला की त्यातल्या मोठ्या कपावर कधी २४० मिली लिहिलेलं असतं, कधी २५०. अमेरिकी कप खरं तर २३७ मिलीचा, म्हणजे ८ औंस. एवढ्या फरकाने केकचं काही अडत नाही. अडतं ते पुढे. कृतीत ‘८ औंस मैदा’ असतं, आपण म्हणतो ८ औंस म्हणजे एक कप, आणि कपभर मैदा सपाट करून घालतो. पण कपातले औंस आकारमानाचे आणि मैद्याचे औंस वजनाचे. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, म्हणून मैदा हवा २२७ ग्रॅम. कपात मात्र तो जेमतेम १२० ते १२५ ग्रॅम मावतो, कारण मैदा हलका, कणाकणांत हवा. म्हणजे जवळजवळ निम्माच गेला! मिश्रण ताकासारखं वाहायला लागलं तर आधी संशय इथेच घ्यावा. दूध-पाण्याच्या बाबतीत ही चूक पचते, कारण औंसभर पाण्याचं वजनही औंसाच्याच आसपास भरतं. कोरड्या जिनसांना सरळ वजनकाटा वापरावा, मेजरिंग कपाच्या नादी लागू नये.

कृती ब्रिटिश असली तर पिंटकडेही बघावं लागतं. दोन्हीकडे गॅलनचे आठ पिंट, पण गॅलनच वेगळे. अमेरिकेने राणी ॲनच्या काळातला, १७०७ सालचा दारूचा गॅलन तसाच ठेवला. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन ठरवला. दहा पौंड म्हणजे १६० औंस, म्हणून ब्रिटिश पिंट २० औंसांचा, ५६८ मिली. अमेरिकी पिंट १६ औंसांचा, ४७३ मिली. ‘अर्धा पिंट दूध’ म्हणजे लंडनच्या कृतीत २८४ मिली, न्यूयॉर्कच्या कृतीत २३७. कस्टर्डमध्ये हा फरक लगेच दिसतो.

झवेरी बाजारातला औंस तिसराच. सोन्याचा जागतिक भाव ज्या औंसावर सांगतात तो ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. बातमीतल्या भावाला स्वयंपाकघरातल्या २८.३५ ने भागलं तर ग्रॅमचा भाव दहा टक्क्यांच्या आसपास चढा निघतो आणि सराफ स्वस्त देतोय असा भास होतो. आपला जुना तोळा या ट्रॉय औंसाशी नेमका जुळतो: तोळा १८० ग्रेनचा, औंस ४८० ग्रेनचा, म्हणजे आठ तोळ्यांचे बरोबर तीन औंस. त्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅम. हल्ली दुकानात बहुतेकदा दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा आजीच्या पाटल्या मोडायला नेताना वजन ग्रॅममध्येच लिहून घ्यावं.