इंजेक्शनच्या तपासणीत हॉर्सशू क्रॅब कसा आला

रबाळे-महापे पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत इंजेक्शनची बॅच बाहेर पडण्याआधी मायक्रोबायोलॉजीवाले तिची एंडोटॉक्सिन चाचणी करतात. बॅच निर्जंतुक असली तरी तेवढ्याने भागत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात, पण ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं एंडोटॉक्सिन शाबूत राहतं आणि शिरेतून शरीरात गेलं की थंडी वाजून ताप भरतो. काचेच्या कुप्यांवरचं एंडोटॉक्सिन घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता लागते.

१९४२ पासून अमेरिकी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, यासाठी सशाची चाचणी होती. तीन सशांच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि तीन तास त्यांचं तापमान पाहायचं. तिचं उत्तर फक्त ताप आला की नाही एवढंच. एंडोटॉक्सिन किती, हे कळत नसे.

पर्याय सापडला तो वेगळ्याच शोधात. अमेरिकेतल्या वूड्स होल इथे फ्रेडरिक बँग हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्यातल्या जिवाणू संसर्गाचा अभ्यास करत होते. काही जिवाणू टोचले की या प्राण्याचं रक्त अंगातच गोठतं, हे त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की हे एंडोटॉक्सिनमुळे होतं आणि गोठवणारी यंत्रणा अमिबोसाइट या रक्तपेशींत असते. रक्ताच्या निळ्या रंगाची चर्चा फार होते, पण तो तांब्यामुळे येतो आणि चाचणीत त्याचं काही काम नाही. पेशी धुऊन फोडल्या की मिळतो तो लायसेट, आणि एंडोटॉक्सिन असलं की तो गोठतो.

त्याची गरज आधी भासली किरणोत्सारी औषधांना. टेक्निशियम-९९एमची तीव्रता सहा तासांत निम्मी होते, मग सशांसाठी तीन तास कुठून काढायचे? १९७० च्या सुमारास जेम्स कूपर यांनी लेव्हिन यांच्यासोबत या औषधांवर लायसेट वापरून पाहिला. १९७७ पासून अमेरिकी एफडीए त्याला परवाने देऊ लागलं.

जेल-क्लॉट पद्धतीत ०.१ मिली नमुना आणि ०.१ मिली लायसेट ३७ अंशांवर तासभर ठेवून नळी उलटी करतात. गोळा जागचा हलला नाही तर चाचणी पॉझिटिव्ह. मात्र औषध स्वतःच गोठण्यात अडथळा आणू शकतं, म्हणून ते पातळ करावं लागतं. किती, ते हिशेबाने ठरतं. समजा तासाला जास्तीत जास्त १००० मिग्रॅ दिलं जाणारं औषध आहे. ७० किलोच्या माणसाला किलोमागे सुमारे १४.३ मिग्रॅ पडतं. किलोमागे तासाला एंडोटॉक्सिनची ५ युनिट ही मर्यादा धरली, तर मिग्रॅमागे ०.३५ युनिट येतात. द्रावण १०० मिग्रॅ/मिली आणि लायसेटची संवेदनशीलता मिलीमागे ०.१२५ युनिट असेल, तर २८० पटींपर्यंत पातळ करता येतं. त्यापुढे गेलं की सदोष बॅचही निगेटिव्ह दिसू शकते. औषधाचा अडथळा उरला नाही ना, हे पाहायला सोबत एका नळीत औषधातच ठरावीक एंडोटॉक्सिन मिसळतात. ती नळी गोठली नाही, तर बाकीच्या निगेटिव्ह नळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

सिंगापूरच्या संशोधकांनी रक्त गोठवणाऱ्या या यंत्रणेच्या साखळीतला पहिला घटक, फॅक्टर सी, जनुकीय तंत्राने बनवला. क्रॅबच्या रक्ताशिवाय होणाऱ्या या चाचणीला अमेरिकी फार्माकोपियात २०२५ मध्ये स्वतंत्र प्रकरण मिळालं.